तीनदा परत आलेला ढग

चार फोटो पाठवले होते. तीन त्याच दिवशी मान्य झाले. चौथा तीनदा परत आला, आणि नेमका तोच माझा लाडका होता.

आमच्याकडच्या एका हौशी विज्ञान मंडळाने ढगांच्या नोंदी मागवल्या होत्या. फोटो, वेळ, दिशा, ढगाचा प्रकार आणि सगळ्यात छळवादी रकाना: 'कशावरून ओळखला?' बाकीच्या तिघांत फारसं काही नव्हतं. सपाट तळाचे, कापसाचे पुंजके म्हणजे क्युम्युलस, उघडीप. आभाळभर पसरलेल्या गोळ्यांना मात्र बोटं लावावी लागली. हात लांब करून एक गोळा करंगळीमागे लपला तर सिरोक्युम्युलस, तीन बोटं लागली तर अल्टोक्युम्युलस. ही मोजणी डोक्यावरच्या आभाळात करायची, क्षितिजाजवळ ती फसते.

आता चौथा. मे महिना, संध्याकाळचे पावणेसहा, अजिंक्यताऱ्यावरून पूर्वेला तोंड करून काढलेला. निळ्या आभाळात लांबवर पसरलेला पांढराशुभ्र पंखा. खालची धुरकट पट्टी आणि विजेच्या तारा फोटो बिघडवत होत्या म्हणून मी तेवढा भाग कापला आणि उंचावरच्या पिसासारख्या ढगाचं नाव लिहिलं: सिरस, हवा कोरडी.

परत. शेरा: 'तळ दाखवा.'

मी चिडलो. तळ कसला दाखवायचा, ढग आहे की पातेलं? तरी मूळ फोटो पाठवला. त्यात पंख्याखाली एक जाड बुरूज दिसत होता, म्हणून या वेळी क्युम्युलस लिहिलं. परत. 'वरची कड पाहा.' मग मित्राला विचारून वादळी ढगाचं नाव, क्युम्युलोनिंबस, लिहिलं आणि कारण दिलं, 'ऐरणीसारखा दिसतो.' तरीही परत! 'आकार कशामुळे? अंतर किती?'

दोन दिवस फॉर्म उघडलाच नाही. मग रागारागात फोटो मोठा करून बसलो, आणि तेव्हा कुठे शेऱ्यांचा अर्थ लागला. बुरुजाच्या बाजू फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या टणक, कडा कापून काढाव्या तशा. वर पंख्याची कड मात्र पिंजल्यासारखी, धूसर. फरक इथेच आहे. टणक कड म्हणजे पाण्याचे थेंब, पिंजलेली कड म्हणजे बर्फाचे कण. नुसता उंच वाढलेला क्युम्युलस डोक्यापर्यंत टणक राहतो. त्यातूनही सर येते, पण माथा पिंजला की तो क्युम्युलोनिंबस झाला. मग वीज, वादळी वारा आणि वळवात गारासुद्धा. वर चढणारी हवा आपल्याकडे साधारण पंधरा-सोळा किलोमीटरवर अशा थराला लागते की पुढे चढताच येत नाही, म्हणून ती आडवी पसरते. तीच ऐरण. ती जास्त लांबते ती वरच्या वाऱ्याच्या दिशेला. त्यावरून वादळ आपल्याकडे येतंय असं धरू नये.

तळाचंही कळलं. वादळ विरलं तरी ऐरण तासन् तास मागे राहते आणि ती सिरससारखीच दिसते. खाली काळा सपाट तळ आणि त्यातून लोंबणारा पावसाचा करडा पडदा असेल तर ढग जिवंत. मी नेमका तोच पुरावा कापून टाकला होता.

अंतरासाठी पुन्हा गडावर गेलो. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंश भरते. फोटोतल्या डोंगररांगेशी ताडून पाहिलं, तर ऐरणीचा माथा क्षितिजापासून एक मूठ वर होता. उंची पंधरा किलोमीटर धरली तर दहा अंशांना अंतर येतं सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर. अंदाजच, मूठभर चुकलात तर अंतर निम्मं होतं. पण गडगडाट का ऐकू आला नाही, ते कळलं. तो पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे सहसा पोचत नाही. (वीज चमकल्यापासून तीस सेकंदांत आवाज आला तर मात्र फोटो राहू द्या, पक्क्या घरात जा.)

साताऱ्यापासून पूर्वेला एवढ्या अंतरावर म्हसवड. तिथे मामा राहतात. फोन लावला.

"मामा, त्या गुरुवारी संध्याकाळी पाऊस होता का हो तिकडं?"

"पाऊस? आरं, साडेपाचलाच गारा! पत्र्यावर नुसता धिंगाणा. तुला कुणी सांगितलं?"

"इथून दिसला ढग."

"मग तवाच फोन करायचा की रं, वाळवण भिजलं समदं."

फॉर्ममध्ये सगळं लिहिलं, वाळवण सोडून. संध्याकाळी शेरा आला: 'मान्य. पुढच्या वेळी फोटो कापू नये.'