घंटाचोराची मूठ

«तुमच्या नाटकातला खलनायक इतका वेंधळा, तरी पोरं त्याच्यावर एवढी का तुटून पडतात? असा व्हिलन लिहायचा कसा?»

माझा भुजंगराव फुसके पहिल्या खर्ड्यात नुसता मूर्ख होता. शाळेची घंटा चोरायला यायचा आणि सात वेळा पडायचा. तालमीला शेजारची पंधरा-वीस पोरं बसवली होती. पहिल्या पडण्याला ती खदखदून हसली, दुसऱ्याला थोडी कमी, आणि चौथ्या वेळी पुढच्या रांगेत वेफर्सचं पाकीट फुटलं. त्याच खर्ड्यात मी त्याला तोतरं बोलायला लावलं होतं. पोरांतला एक जण तसाच बोलायचा. तो हसला नाही, मग मीही ते काढून टाकलं.

चूक पडण्यात नव्हती. भुजंगरावाला कशाचीच निकड नव्हती, त्यामुळे तो पडला काय आणि उठला काय, सारखंच. म्हणून त्याला हट्ट दिला: या शाळेत मधली सुट्टी होऊ द्यायची नाही. मधली सुट्टी म्हटल्यावर सहा वर्षांच्या पोरालाही धोका कळतो, समजावून सांगावा लागत नाही. आणि खोड एकच ठेवली. लहानपणची सवय जात नाही, कुणी नाव पुकारलं की हा हात वर करून ‘हजर!’ म्हणतो. शिपाई सहज कुणालातरी हाक मारतो तेव्हा एकदा, स्वतःशीच बोलताना स्वतःचं नाव घेतो तेव्हा दुसऱ्यांदा. दोनदा दाखवलं की पोरं ते पक्कं लक्षात ठेवतात.

आता चोरी. पहिल्या खेपेला तो हातघंटा उचलतो आणि पळतो. ती अर्थातच वाजते. दुसऱ्या खेपेला डोकं चालवतो, गळ्यातला मफलर लोलकाला गुंडाळतो आणि घंटा खरोखर घेऊन जातो. इथे मध्यंतर. ही जागा मी कुणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही. वेंधळा असला तरी तो एकदा तरी जिंकलाच पाहिजे, नाहीतर शेवटी तो हरल्यावर टाळ्या कशासाठी वाजवायच्या? मध्यंतरानंतर त्याला थंडी वाजते, तो मफलर परत गळ्यात घालतो आणि लोलक मुठीत धरतो. मूठ आत अडकते. तेवढ्यात बाई वर्गात येतात आणि हजेरी घ्यायला लागतात.

पोरं हसतात ती इथे, पडण्याला नाही. बाई पहिलं नाव घेतात तेव्हाच पुढे काय होणार हे त्यांना कळलेलं असतं. भुजंगरावाला मात्र कळलेलं नसतं. तो चवड्यांवर दाराकडे सरकतोय, बाई एकेक नाव घेतायत, आणि थिएटरभर ‘घेऊ नका!’ आणि ‘घ्या, घ्या!’ असा दुहेरी गिल्ला. मग बाई वहीतलं जुनं पान उलटतात: ‘फुसके भुजंग?’ हात वर. ठणठणठण!

या गिल्ल्यासाठी संहितेत जागा सोडावी लागते. मी कंसात ‘थांब. ओरडू दे.’ असं लिहितो आणि त्यानंतरची दोन वाक्यं गेली तरी चालतील अशी ठेवतो. सुरुवातीला मी तिथेच गोष्टीतली महत्त्वाची माहिती घातली होती. ती एकाही पोराच्या कानावर गेली नाही. नटालाही एक गोष्ट सांगावी लागते. पोरं ‘मागे बघ!’ ओरडली की पहिल्या आरोळीला वळायचं नाही. दुसरीला वळायचं, पण चुकीच्या बाजूला. लगेच बरोबर बाजूला वळलास तर पोरांना परत ओरडायची संधीच मिळत नाही.

उलट बाजूचा धोका प्रवेशाच्या वेळी असतो. पहिल्या प्रयोगात लाल प्रकाश, ढोल आणि गडगडाटी हसू घेऊन तो आला, आणि आईच्या मांडीवरची दोन पोरं भोकाड पसरून बाहेर गेली. आता विंगेतून आधी त्याची एक चप्पल येते. मग ‘अरे, अरे’ असा आवाज. मग तो लंगडी घालत चप्पल शोधायला येतो, आणि ती पायात सरकवल्यावरच राक्षसी हसतो. हसू तेच आहे, पण आता कुणी रडत नाही. प्रेक्षकांत धावत उतरायलाही मी त्याला मनाई केली आहे. स्टेजवरचा वेंधळा खुर्चीशेजारी आला की चार वर्षांच्या पोराला तो नुसता मोठा माणूस दिसतो.

एका प्रयोगात मात्र मूठ खरोखरच अडकली. ‘हजर!’ झालं, ठणठणाट झाला, बाईंनी घंटा काढून घ्यायची तर ती निघेना. दोघं ओढतायत, पोरं बाकांवर उभी राहून ‘जोर लगा के’ ओरडतायत, पडदा तसाच पाडला. नमस्काराला भुजंगराव घंटेसकट आला, आणि हात जोडताना ती परत वाजली. तेव्हापासून प्रॉपर्टीच्या पेटीत खोबरेल तेलाची बाटली असते.