गोळा येतो आणि फिरतो

बाईंच्या फाइलवर आधीच्या दोन डॉक्टरांनी ‘आयबीएस’, म्हणजे आतड्याला सूज किंवा जखम नसताना पोट बिघडवणारं ‘चिडकं आतडं’, असं लिहून ठेवलं होतं. वय छत्तीस, शिवणकाम करणाऱ्या. आठ महिने पोटात कळा, गॅस धरतो, चार दिवस साफ होत नाही आणि मग दोन दिवस जुलाब. आयबीएसचं वर्णन असंच असतं, त्यामुळे निदान अगदीच हवेतलं नव्हतं. रोज रात्री दोन चमचे इसबगोल आणि पेटक्यांची गोळी चालू होती.

मी विचारलं, “कळ आली की संडासला जाऊन बरं वाटतं का, ताई?”

“तसं नाही डॉक्टर. इथं गोळा येतो,” त्यांनी बेंबीच्या उजवीकडे खाली हात ठेवला, “तो फिरतो, गुरगुर आवाज होतो, आणि मग एकदम मोकळं वाटतं. संडासला गेले नाही तरी.”

माझे कान टवकारले ते इथं. आयबीएसमध्ये दुखणं बहुधा शौचाशी जोडलेलं असतं. गोळा फिरून आवाजासरशी दुखणं विरतं, तेव्हा आतडं कुठल्यातरी अरुंद जागेतून माल पुढे ढकलतंय, अशी शंका घ्यावी. मग बाकीचं विचारलं. रात्री पोट दुखून जाग येते? येते. वजन? “ब्लाउज सैल झाले, स्वतःचेच आत घ्यावे लागले.” आयबीएसचे रुग्ण दिवसभर बेजार असतात, पण पोटदुखीने गाढ झोप सहसा मोडत नाही, आणि वजन तर उगाच घटत नाही.

हिमोग्लोबिन ८.९. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं. म्हणजे आतड्याला सूज आहे, एवढंच ते सांगतं. कशामुळे, ते नाही. सोनोग्राफीत लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली भिंत जाड. इसबगोल त्याच दिवशी बंद केलं, कारण अरुंद झालेल्या आतड्यात फुगणारा भुसा अडकू शकतो.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहताना, तिथली झडप आ वासून उघडी होती, शेजारी आडवे व्रण. हे चित्र क्षयाकडे बोट दाखवतं. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारात व्रण बहुधा उभे, आतड्याच्या लांबीने जाणारे असतात. पण डोळ्यांना दिसलं तेवढ्यावर विसंबता येत नाही. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं आणि निघाला क्षय, तर तो पसरतो. म्हणून व्रणांचे बरेच तुकडे तपासणीला पाठवले. अहवालात पेशी मरून झालेला, चिझासारखा भाग असलेल्या गाठी. आतड्याचा टीबी.

टीबी ऐकताच नवरा म्हणाला, “पण तिला खोकला कुठे आहे?” हे मला नेहमी ऐकावं लागतं. आतड्याचा टीबी असलेल्या अनेकांची छाती स्वच्छ असते.

औषधं सहा महिन्यांची. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा व्रण भरले होते. अरुंदपणा मात्र थोडा उरला, कारण व्रण भरताना वण आकसतो. त्यामुळे कळ कधीतरी अजून येते, आणि शेंगदाणे, भाज्यांचे जाड देठ त्यांनी टाळायचे आहेत. उलट्या झाल्या, पोट फुगलं आणि वायूही सरेनासा झाला, तर सकाळची वाट न बघता यायचं, हे नवऱ्याला दोनदा सांगितलं.