फोनवर धुमा कुठं जातो

"हेडफोनवर भजन भरभरून वाजतंय, पण फोनवर लावलं की पखवाजाचा धुमा आणि मागच्यांचे आवाज गायब. असं का होतं ओ?"

खानापूर, निपाणीकडची भजनी मंडळं रेकॉर्डिंग घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा हेच विचारतात. त्यांचं गाणं ऐकलं जातं ते शेतात, गोठ्यात, शर्टाच्या खिशातल्या फोनवर. एकच स्पीकर असलेला फोन डावा आणि उजवा चॅनेल एकत्र मिसळतो, यालाच मोनो म्हणतात. या बेरजेत दोन्हीकडे सारखं असलेलं टिकतं आणि एकमेकांच्या उलट असलेलं पुसलं जातं.

पखवाजाचंच बघा. धुम्याला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला एक माईक, समोरच्या शाईच्या तोंडाला दुसरा, आणि मिक्समध्ये एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. धुम्यावर थाप पडली की ते कातडं आत जातं. आतली हवा दाबली जाऊन शाईचं कातडं बाहेर येतं. म्हणजे त्याच क्षणी एका माईकपासून कातडं लांब जातं आणि दुसऱ्याकडे येतं. खर्जातल्या लाटा दोन माईकांत उलट्या नोंदल्या जातात. हेडफोनवर दोन कानांना त्या वेगवेगळ्या मिळतात, त्यामुळे पखवाज रुंद, भारी वाटतो. मोनोत त्या एकमेकींना खातात आणि उरते नुसती टकटक.

खात्री करायची तर आधी फोन बाजूला ठेवा. फोनचा इवलासा स्पीकर खर्ज मुळातच वाजवू शकत नाही. त्यामुळे धुमा मोनोमुळे गेला की स्पीकरमुळे, हे फोनवरून कळत नाही. मिक्स करता त्याच चांगल्या स्पीकरवर, मास्टर चॅनेलवरचं मोनोचं बटण दाबून ऐका. शक्यतो दोनपैकी एकच स्पीकर चालू ठेवा. तिथे धुमा पातळ झाला तर दोष मिक्समध्ये आहे. इअरफोनचा एकच बोंडा कानात घालून ऐकणं म्हणजे मोनो नव्हे, तो नुसता एक चॅनेल असतो. अनेकजण इथेच फसतात.

आता शाईच्या माईकच्या ट्रॅकवर लाट उलटी करणारं पोलॅरिटीचं बटण दाबा, त्यावर बहुधा Ø असं चिन्ह असतं. मोनोतच ऐकत ते चालू-बंद करा. ज्या स्थितीत धुमा भरतो ती ठेवा. एवढ्यावर भागलं नाही तर शाईच्या माईकवर १५० हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास लावून त्याचा खर्ज काढून टाका, आणि धुम्याचा माईक मधोमध आणा. खर्ज एकाच माईककडून आला की भांडायला दुसरं कुणी उरत नाही. डावा-उजवा चॅनेल किती जुळतात ते दाखवणाऱ्या कोरिलेशन मीटरच्या भरवशावर राहू नका. मुख्य गायक मधोमध असल्याने काटा शून्याच्या वर, ठीकठाक दिसतो आणि खालचा गोंधळ त्यात झाकला जातो. मास्टरवर तात्पुरता लो-पास लावून १२० हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापा आणि मग मीटर बघा. आता काटा सतत शून्याखाली राहिला, तर खर्ज मोनोत टिकणार नाही.

मागच्या आवाजांचं दुखणं वेगळं. निपाणीच्या एका मंडळाच्या अभंगात धृपदाचा एकच टेक दोनदा लावला होता: एक डावीकडे, दुसरा १० मिलिसेकंद उशिरा उजवीकडे. हेडफोनवर वाटायचं, वीस जण गातायत. मोनोत तोच आवाज स्वतःच्याच उशिरा आलेल्या प्रतीशी मिसळतो. अशा वेळी ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्‌झ असे ठरावीक अंतरावरचे सूर खोडले जातात. अभंगाचे शब्द पाइपातून आल्यासारखे पोकळ ऐकू येतात. इक्वलायझरने हे भरून निघत नाही, कारण जिथे बेरीज शून्यच आहे तिथे वाढवायचं काय? म्हणून मंडळाला पुन्हा बोलावलं आणि धृपद खरोखर दुसऱ्यांदा गाऊन घेतलं. माणूस दोनदा अगदी तंतोतंत सारखं कधीच गात नाही, त्यामुळे खरे दोन टेक मोनोत एकमेकांना पुसत नाहीत.

एक घट मात्र टळत नाही. असे दोन वेगळे टेक डावी-उजवीकडे ठेवले की मोनोत मधल्या गायकाच्या तुलनेत ते साधारण ३ डेसिबलने खाली जातात. म्हणून कोरसची पातळी मी मोनोतच ठरवते. मग स्टिरिओ करून बघते, कोरस गायकाच्या अंगावर तर येत नाही ना. आला तर त्याला टोकावरून थोडा आत ओढते. तेवढ्याने तफावत कमी होते.

फोन येतो सगळ्यात शेवटी. मोनोत धुमा शाबूत आहे आणि फोनवर तरीही ऐकू येत नाही, तर त्यावर थोडं सॅच्युरेशन द्या. त्याने वरचे हार्मोनिक तयार होतात, ते फोन वाजवू शकतो आणि कान त्यावरून खालचा सूर ओळखतो. किती द्यायचं ते पखवाजवाल्यालाच शेजारी बसवून ठरवा. धुम्याचं कातडं फाटल्यासारखं वाटायला लागलं की तो लगेच हात वर करतो.