आपोआप डावीकडे

परवा दुपारी गेमचा कंट्रोलर टेबलावर ठेवून पाणी प्यायला उठलो. परत येऊन पाहतो तर पडद्यावरचा माझा गडी एकटाच डावीकडे निघालेला, भिंतीला नाक लावून चालतोय. ड्रिफ्ट!

लहानपणी मावसभावाकडे असाच एक कंट्रोलर होता. तो नेहमी माझ्याच वाट्याला यायचा. "तू नीट धरत नाहीस," असं मावसभाऊ वर ऐकवायचा. दोष माझ्या अंगठ्याचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. अंगठ्याने हलवायच्या साध्या स्टिकच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर एक पातीसारखा संपर्क घासत असतो. खेळून खेळून पट्टी झिजते, मग स्टिक मधोमध असली तरी आकडा मधला येत नाही. सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मधोमधच्या आसपासचा न मोजला जाणारा भाग, वाढवला की गडी थांबतो, पण मग नेम धरताना अंगठ्याची बारीक हालचालही गिळली जाते.

हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याला न शिवता मोजतो, त्यामुळे घासायला काही उरतच नाही. (स्प्रिंग सैल पडायची ती पडतेच.) हे काही आजचं नवल नाही, सेगाच्या जुन्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्येही हॉल सेन्सर होते. गंमत म्हणजे 'प्रो' म्हणवणाऱ्या एक्सबॉक्सच्या महागड्या एलिट सिरीज २ आणि प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्स एजमध्ये घासणाऱ्याच स्टिक आहेत. एजमध्ये निदान स्टिकचा भाग काढून बदलता येतो. उलट कितीतरी स्वस्त कंट्रोलर हॉल स्टिक घेऊन येतात.

मित्राचा प्रो कंट्रोलर आठवडाभर वापरून पाहिला. मागची जादा बटणं, म्हणजे पॅडल, खरंच उपयोगी आहेत, उजवा अंगठा स्टिकवरून न उचलता उडी मारता येते. पण पहिले तीन दिवस मी नुसता कंट्रोलर घट्ट धरला तरी गडी उड्या मारायचा. शेवटी चारपैकी दोन पॅडल काढून ठेवले. ट्रिगर अर्ध्यात अडवणाऱ्या ट्रिगर स्टॉपची तऱ्हा वेगळीच. बंदुकीच्या खेळात ट्रिगरचा प्रवास कमी झाला की बोट लवकर मोकळं होतं. स्टॉप तसाच राहिला आणि मी गाड्यांची शर्यत लावली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय तरी गाडी रखडतेय, सगळे पुढे निघून जातायत. दोन शर्यती हरल्यावर मागची खिट्टी दिसली.

रोज रात्री तासभर खेळणाऱ्या माझ्यासारख्याने पैसे मोजावेत ते हॉल स्टिकसाठी. पॅडल सोबत आले तर ठीक. तसाच एक साधा कंट्रोलर मागवलाय.

जुना मात्र टाकलेला नाही. रविवारी मावसभाऊ येतोय.