भूपातला अभंग, अपडेट: अंतरा एकदाचा सगळ्यांच्या गळ्यात बसला (पण तबला रुसला)

मंडळी, मागच्या वेळी मी रडगाणं गायलं होतं ना की आमच्या चाळीतल्या भजनात तो भूपातला अभंग अंतऱ्याला पोचला की निम्मे लोक गप्प आणि उरलेले किंचाळतात, तर या गुरुवारी पंचवीसेक माणसं तो अंतरा शेवटपर्यंत गायली, कोणी मधेच खालच्या सप्तकात उडी मारली नाही आणि पहिल्या रांगेतल्या काकू चक्क डोळे मिटून गात होत्या. एरवी त्या अंतरा आला की टाळ जोरात वाजवून वेळ मारून नेतात. त्यामुळे आज सविस्तर लिहितोय, बाकी गजर, आरत्या वगैरेचं पुढच्या वेळी.

ज्यांनी आधीचं वाचलंय त्यांना माहितीये, मूळ चाल काळी 1 ची. गाणारा तयारीचा, मुखड्यात मंद्र धैवताला हात लावून येतो आणि अंतऱ्यात थेट तार गंधार. काळी 1 ला सा धरला तर खाली काळी 5 पासून वर पांढरी 4 पर्यंत, मधलं एक अख्खं सप्तक पार करून. पेटीवर बोटाने मोजा, काळ्या-पांढऱ्या मिळून 20 पट्ट्या होतात. बायकांना काळी 1 चा तार षड्जच आधी जड जातो, वर तार गंधार म्हणजे विषय संपला. पुरुषांनाही पांढरी 4 चा तो सूर ओरडल्याशिवाय लागत नाही.

यावर सगळे एकच सल्ला देतात, स्केल उतरवा. उतरवलं. पांढरी 6 ला सा घेतला. वरचा गंधार काळी 1 वर आला, बायकांमधल्या दोघी-तिघी कशाबशा पोचल्या, पण मुखड्यातला मंद्र ध गेला काळी 3 वर आणि तिथे पुरुषांचा आवाज म्हणजे नुसती हवा, शब्द ऐकूच येईनात. तिथे डोक्यात प्रकाश पडला की स्केल बदलून चाल नुसती सरकते, तिची लांबी तेवढीच राहते. 20 पट्ट्यांची चाल कुठेही नेऊन ठेवा, एका टोकाला कोणीतरी लटकणारच.

मग आधी मापं घेतली. एकेकाला उभं करून आ कर म्हटलं की लोक लाजतात आणि खोटे सूर लावतात, म्हणून तिघा-चौघांना एकत्र बसवून मुखड्याचीच पहिली ओळ एकेक पट्टी वर सरकवत गायला लावली, मग तशीच खाली. वर कुठे थांबायचं ते ऐकून कळतं, सूर किंचित उतरायला लागतो, मान वर जाते, आणि ई-ऊ आले की आवाज चिरकतो. खाली गेलं की शब्द विरघळतात. जिथे हे सुरू झालं त्याच्या एक पट्टी अलीकडे मी रेघ मारली, कारण तालमीत एकदा लागलेला सूर आणि दिवसभर ऑफिस करून विरार लोकलमधे उभं राहून आल्यावर लागणारा सूर यात फरक आहे.

आमच्या बायकांचं आलं पांढरी 6 पासून वरच्या सप्तकातल्या पांढरी 7 पर्यंत. पुरुष बायकांच्या एक सप्तक खाली गातात हे धरून त्यांचं पांढरी 7 पासून वरच्या पांढरी 2 पर्यंत. म्हणजे दोघांना सामाईक असं उरतं ते पांढरी 7 ते पांढरी 7, बरोबर एक सप्तक. तुमच्या मंडळात एखादी पट्टी इकडेतिकडे होईल, पण गळा न कमावलेल्या मिश्र ग्रुपला याच्यापेक्षा फार जास्त मिळणार नाही असं माझं मत झालंय. यापुढे कुठलीही नवी चाल घेतली की आधी तिची पट्ट्यांची लांबी मोजणार, मग बाकीचं.

आता गंमत बघा. कागदावर उत्तर एकदम सुबक निघालं. मुखड्यातला मंद्र ध ठेवायचा, अंतरा मध्य सप्तकातल्या धैवतापर्यंतच न्यायचा, धैवत ते धैवत एक सप्तक, आणि सा धरायचा पांढरी 2 ला. मंद्र ध येतो पांढरी 7, वरचा ध पण पांढरी 7. हातमोज्यासारखं फिट्ट! तालमीला घेतलं आणि दोन कडव्यांत बायका दमल्या. कारण असं की तार सप्तक कापल्यावर अंतऱ्याची अख्खी ओळ धैवतावरच मुक्काम ठोकून बसली, म्हणजे बायकांच्या रेघेच्या अगदी काठावर. काठाला एकदा शिवून परत येणं वेगळं आणि तिथे चार-चार मात्रा उभं राहणं वेगळं. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा सूर बघून चालत नाही, चाल जास्तीत जास्त वेळ कुठे राहते ते बघावं लागतं. मी आता प्रत्येक ओळीतले लांब धरलेले सूर वहीत गोल करून ठेवतो, ते सगळे आपल्या सप्तकाच्या मधल्या भागात पडले पाहिजेत.

वरून आमच्या मजल्यावरचे आजोबा, जे फक्त ऐकायला खुर्ची घेऊन बसतात, ते म्हणाले, "अरे हा भूप कुठला, हा तर देशकार झाला." बरोबर होतं त्यांचं. सूर दोन्हीकडे तेच, सा रे ग प ध, पण भूप गंधारावर उभा राहतो आणि देशकार धैवतावर. भजनात राग शुद्ध पाहिजे असा माझा हट्ट नाही, पण त्या अभंगाचा तोंडवळाच बदलला होता. सकाळचं काहीतरी संध्याकाळी गातोय असं वाटत होतं.

म्हणून कापायची जागा बदलली. खालून मंद्र ध काढला, वरून तार षड्जाच्या पुढचं काढलं, ग्रुपला उरलं सा ते तार सा. मुखड्यात ग रे सा करून खाली ध ला जाऊन सा वर यायची जी जागा होती तिथे आता लोक ग रे ग, रे सा असं गातात आणि तो मंद्र ध मी पेटीवर मधल्या फटीत वाजवतो, कानाला चाल पूर्ण वाटते. सा धरला काळी 5 ला. पांढरी 7 नाही घेतला कारण मग तार षड्ज पुन्हा बायकांच्या काठावर जातो. काळी 5 ला पुरुषांचा खालचा सा त्यांच्या रेघेच्या एक पट्टी खाली पडतो, पण तिथे चाल थांबत नाही, ती थांबते गंधारावर, म्हणजे पांढरी 2, आणि तिथे त्यांचा आवाज भरदार लागतो. भूपाने गंधारावर उभं राहायचं ठरवलंय ते इथे कामी आलं.

अंतऱ्याचं असं केलंय की तार गंधारापर्यंतची मूळ ओळ पुढे गाणारी ताई एकटी घेते, काळी 5 मधे तो गंधार पांढरी 2 वर येतो आणि तिला तेवढं जमतं. ती ओळ संपवते पंचमावर, आणि ग्रुप उचलतो तो त्याच पंचमावरून: प, प ध सां, ध प ग, रे सा. पुढचा जिथे सोडतो तिथूनच मागच्यांनी धरायचं हे फार महत्त्वाचं निघालं. आधी ती तार सा वर संपवत होती, तर लोक तिच्यामागे वरच राहायला बघायचे आणि घसरायचे. आता पंचमाचा सूर कानात असतो, तार षड्जाला फक्त शिवून खाली येतात. त्या षड्जावर ई ची वेलांटी येत होती, अक्षरं एका मात्रेने सरकवून तिथे आकार आणला, त्यानेही बराच फरक पडला.

एक त्रास शेवटपर्यंत टिकला तो मोबाईलचा. लोक घरी मूळ रेकॉर्डिंग लावून काळी 1 मधेच घोटतात आणि तालमीला येऊन आपोआप तिकडेच चढतात. सुरुवातीला मी तीच क्लिप अॅपमधे तीन पट्ट्या उतरवून ग्रुपवर टाकली, पण गायकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो आणि शिवाय तो मंद्र ध, तार ग सगळं तसंच त्यात असतं. शेवटी ताईला बसवून पेटीवर नवीन चाल साधी रेकॉर्ड केली, मागे कुकरची शिट्टी आहे, असू दे. तेव्हापासून गाडी रुळावर आली.

स्केलचेंजर पेटीबद्दल विचारलं होतं कोणीतरी. मंडळाची आहे ती स्केलचेंजरच, शोधाशोध करताना तिचा उपयोग झाला, काळी 1 ची बोटं तशीच ठेवून कीबोर्ड सरकवत गेलो. पण सरकवल्यावर एखादी पट्टी अडकते, वजन भरमसाठ, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. एकदा स्केल ठरलं की साधी पेटी घ्या आणि त्या स्केलमधे बोटं बसवा असं मी म्हणेन.

आता तबल्याचं. आमच्याकडे काळी 1 चा टिपेचा तबला. तो तीन पट्ट्या खाली काळी 5 ला उतरवला तर वाद्या ढिल्या पडतात आणि ठक ठक वाजतो, आस राहत नाही. पंचमात लावायचा तर पांढरी 4, म्हणजे चार पट्ट्या वर, पुडी फाटेल. मध्यमात लावा असं एकाने सुचवलं, काळी 2 तशी जवळ आहे, पण भूपात मध्यमच नाही, प्रत्येक समेवर तो सूर कानाला टोचतो. म्हणजे मोठ्या तोंडाचा ढाल्या स्वराचा तबला हवा, पावणेसहा इंचाच्या आसपासचा. नवीन घ्यायला मंडळाकडे पैसे नाहीत. पलीकडच्या गल्लीतलं महिला भजनी मंडळ काळी 5 मधेच गातं, त्यांच्याकडून गुरुवारपुरता मागणार होतो.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय की या एका अभंगाला तबला काढूनच टाकावा आणि पखवाज तरी कशाला, नुसत्या टाळांवर घ्यावा. विलंबित सुरुवात, टाळ फक्त समेला, ताईची ओळ मोकळी. मग स्केलचं बंधनच नाही, पाऊस जास्त असेल, गळे बसलेले असतील तर पांढरी 6 ला पण घेता येईल, पुरुषांचा सा अजून एक पट्टी खाली जाईल तेवढं बघावं लागेल. आणि क्रम पण बदलतो, हा पहिला घेत होतो तो आता चौथा-पाचवा घेईन, तोपर्यंत गळे उघडलेले असतात. येत्या गुरुवारी दोन्ही करून बघतो, एकदा टाळांवर आणि एकदा उसन्या तबल्यावर, रेकॉर्डिंग टाकेन. कोणी मिश्र ग्रुपला काळी 5 मधे तबला पंचमात लावून वाजवत असेल तर किती इंची तोंड वापरता तेवढं सांगा.