ओळख दीड मिनिटाची

आज टीम लीड्सचं ट्रेनिंग होतं. विषय होता, कामातली चूक समोरच्याला कशी सांगायची. ट्रेनर मॅडमची ओळख करून देणं माझ्याकडे. त्यांनी पाठवलेला परिचय दोन पानी, पदव्या आणि सर्टिफिकेटं भरपूर. तो वाचलाच नाही. सुरुवातीला सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: यांना आमच्या कामातलं काय कळतं? म्हणून त्यातली एकच गोष्ट उचलली, मॅडमनी स्वतः बरीच वर्षं कस्टमर सपोर्टची टीम सांभाळलीय. (हे सांगितलं तर चालेल ना, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घेतलं होतं.) मागे हाताची घडी घालून बसलेले दोघं तिथेच जरा सावरून बसले.

मग अपेक्षा. "आज काय शिकायचंय?" असं मोघम विचारलं की "कम्युनिकेशन सुधारायचंय" असंच मोघम उत्तर येतं. त्याऐवजी प्रत्येकाला चिठ्ठीवर स्वतःचा एक अडलेला प्रसंग लिहायला सांगितला, कुणाचंही नाव न घालता. मॅडमनी चिठ्ठ्या वाचून तिथेच सांगितलं, काम सतत उशिरा देणाऱ्याशी कसं बोलायचं ते आज नक्की करू. पगारवाढीचं गाऱ्हाणं मात्र या खोलीत सुटणार नाही. ती चिठ्ठी वेगळी काढून एचआरकडे दिली.

राहिली खरी धास्ती. इथल्या रोल-प्लेमधलं काहीही अप्रेझलमध्ये जाणार नाही, हे साहेबांनी स्वतः उठून सांगितलं आणि लगेच बाहेर पडले. तेच मी सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि साहेब मागे बसून राहिले असते तर त्यांच्यावरही नाही!