लाखाची वजावट आणि माझे चोवीस हजार

मी स्वतंत्र काम करते. पगार नाही, त्यामुळे कर आधीच कापून जात नाही, वर्षअखेरीला हिशेब करून तो मलाच भरावा लागतो. त्यासाठी दरवर्षी पैसे बाजूला काढून ठेवते. त्या वर्षी एका अभ्यासक्रमाची १,००,००० फी भरली होती आणि ती करातून वजा होते असं कळल्यामुळे मी खुशीत होते. अंदाजे कर येत होता १,२२,०००. त्यातून लाख गेले की उरले २२,०००. तेवढे बाजूला ठेवले आणि बाकीची शिल्लक निवांतपणे दुसऱ्या कामाला लावली.

विवरणपत्र भरताना फीची रक्कम टाकली आणि खाली पाहिलं तर भरायचा कर ९८,०००. वाटलं, एखादं शून्य राहिलं असेल. पुसून पुन्हा टाकलं. ९८,०००च.

ओळखीच्या एका करसल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, "फी करातून वजा होते असं तुम्हाला कोणी सांगितलं? ती उत्पन्नातून वजा होते." एका शब्दाचा फरक, पण माझ्यासाठी तो ७६,०००चा होता.

हिशेब मांडूनच दाखवते. आकडे गोल केलेत आणि टप्पे सोपे करून घेतलेत. प्रत्येक ठिकाणचे टप्पे वेगळे असतात, गणित मात्र हेच. पहिल्या ३ लाखांवर कर नाही. त्यापुढच्या ३ लाखांवर १० टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर २० टक्के आणि १० लाखांवरच्या रकमेवर ३० टक्के. माझं करपात्र उत्पन्न १०,४०,००० होतं. म्हणजे ३०,००० अधिक ८०,००० अधिक वरच्या ४०,०००चे १२,०००, एकूण १,२२,०००. इथपर्यंत माझा अंदाज बरोबर होता.

वजावट घेतल्यावर करपात्र उत्पन्न झालं ९,४०,०००. उत्पन्न उतरंडीसारखं रचलेलं असतं आणि वजावट नेहमी वरून उचलते. माझ्या लाखातले पहिले ४०,००० तीस टक्क्यांच्या थरातून गेले, त्यांवरचा १२,००० कर वाचला. उरलेले ६०,००० खालच्या वीस टक्क्यांच्या थरातून गेले, तिथेही १२,०००च वाचले. बेरीज २४,०००. त्या लाखावर जो कर लागला असता, तेवढाच मला माफ झाला. लाख रुपये माफ व्हायचे, तर त्या लाखावर शंभर टक्के कर असायला हवा होता!

"मी तीस टक्क्यांत आहे, म्हणजे लाखाचे तीस हजार वाचणार" हा हिशेबही ऐकू येतो. मला तोही लागू पडला नाही, कारण माझी वजावट दोन थरांत विभागली गेली. उत्पन्नाचा सगळ्यात वरचा थर वजावटीपेक्षा पातळ असेल, तर वरचा दर सगळ्या रकमेला मिळत नाही.

खरं तर आपल्या शब्दांनीच घोळ होतो. वजावट, सूट, सवलत, कपात हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. त्यात "कर वाचवा" म्हणत काहीतरी खपवणारा कुठून काय वजा होतं ते सांगायच्या भानगडीत पडत नाही. मी आता शब्दावर जातच नाही, फॉर्मवर ती रक्कम कुठल्या ओळीत बसते ते बघते. करपात्र उत्पन्नाच्या ओळीच्या वर बसली तर ती वजावट. कर काढून झाल्यावर, त्याच्या खाली बसली तर टॅक्स क्रेडिट. क्रेडिट थेट करातून जातं. तिथे दराचा संबंध उरत नाही, २०,०००चं क्रेडिट म्हणजे २०,०००च कमी.

आणि मग कळलं की माझ्या फीला क्रेडिटचाही पर्याय होता. पूर्ण फी वजावट म्हणून दाखवा, नाहीतर फीच्या २० टक्के क्रेडिट घ्या. दोन्ही एकदम नाही. नुकतीच पोळले होते, त्यामुळे क्रेडिटवर झडप घातली. लाखाचे २० टक्के, २०,०००. घाईघाईत वजावटीच्या रकान्यातला लाखाचा आकडा खोडून तिथेच २०,००० लिहिले. कर आला १,१६,०००, म्हणजे वाचले फक्त ६,०००. यावेळी मात्र चूक लगेच ओळखता आली. क्रेडिट असतं तर कर बरोबर २०,०००ने उतरायला हवा होता. ६,००० हे २०,०००चे तीस टक्के, म्हणजे रक्कम वरच्या ओळीत जाऊन बसली होती. असा सरळ टक्केवारीत बसणारा फरक दिसला की रकाना तपासावा.

रक्कम योग्य ओळीत नेली, कर आला १,०२,०००. पण वजावट घेऊन तो ९८,००० येत होता! क्रेडिट नेहमीच चांगलं, हे माझं नवंकोरं ज्ञान तासाभरात निकालात निघालं. विचार केल्यावर लक्षात आलं की वीस टक्क्यांचं क्रेडिट म्हणजे प्रत्येकाला वीस टक्के दराने मिळालेली वजावटच. ज्याची फी पूर्णपणे वीस टक्क्यांच्या थरातून जाते, त्याला दोन्ही सारखंच. माझा काही भाग तीसच्या थरात होता, म्हणून मला वजावट ४,०००ने सरस. मी वजावटच ठेवली, कमी पडलेले ७६,००० दुसरीकडून उभे केले आणि कर भरला.

माझ्या धाकट्या बहिणीने तोच अभ्यासक्रम केला होता, तिचं करपात्र उत्पन्न ४,२०,०००. तिचा फोन आला, "ताई, तू वजावट घेतलीस ना? मग मीपण तीच टाकते." म्हटलं, थांब. तिचा कर होता १२,०००. वजावटीने उत्पन्न ३,२०,००० होऊन कर उरला असता २,०००. म्हणजे त्याच फीवर, त्याच लाखावर, मला २४,००० आणि तिला १०,०००. जिचं उत्पन्न कमी, तिलाच कमी फायदा. वजावटीचा हा गुण मला तरी फारसा न्याय्य वाटत नाही, पण तो तिच्या रचनेतच आहे.

तिला क्रेडिट घ्यायला लावलं. मिळायचे २०,०००, पण कर होता १२,०००च. हे क्रेडिट परताव्याचं नव्हतं. कर शून्यावर आला की ते तिथेच थांबतं, उरलेले ८,००० हातात पडत नाहीत आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत. काही क्रेडिट्समध्ये उरलेली रक्कम परत मिळते, ते त्या क्रेडिटच्या नियमांत वाचावं लागतं. तिचे १२,००० वाचले, वजावटीपेक्षा २,००० जास्त. ती विचारत होती, "पण माझे आठ हजार गेले कुठे?" तिला समजावणं मला स्वतःला समजण्यापेक्षा अवघड गेलं.

यंदा मी फीचा दुसरा हप्ता भरला आहे, तोही लाखाचाच. काम मात्र कमी झालंय, करपात्र उत्पन्न ५,८०,०००च्या आसपास येईल. वजावटीने १०,००० वाचतील, क्रेडिटने २०,०००, आणि कर २८,००० असल्यामुळे क्रेडिट पूर्ण वापरलं जाईल. कराचे म्हणून ८,००० बाजूला काढून ठेवलेत.